साहेबांनी न घेतलेले राजीनामापत्र

*मी नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीत सहा वर्षांपासून लेखा विभागात आहे. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली असून तिथे १० जुलैला रुजू व्हायचे आहे. माझ्या नियुक्तिपत्रात ३० दिवसांच्या नोटिशीची अट आहे. ४ जूनला मी राजीनामापत्र घेऊन व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी ते वाचले, घडी घालून माझ्या हातात परत दिले आणि ‘मी हे घेतलेले नाही, ऑडिट होईपर्यंत हा विषय काढायचा नाही’ असे सांगितले. ९ जूनला पुन्हा गेले, तर त्यांनी पत्राला हातही लावला नाही. एचआरमधल्या मॅडम म्हणतात, साहेबांच्या सहीशिवाय आम्हाला घेता येत नाही. बाबांच्या आजारपणात साहेबांनी मला खूप सांभाळून घेतले होते, त्यामुळे भांडण नको आहे. पण राजीनामा मंजूरच झाला नाही, तर मी अडकले का? सहकारी म्हणतात, सरळ यायचे बंद कर. काय करू?*

तुमच्या पत्रातल्या ‘मंजूर’ या शब्दापाशी मी थांबले. रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते, कारण त्यांत आपण काहीतरी मागत असतो आणि समोरच्याला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. खासगी नोकरीतला राजीनामा त्या जातीचा नाही. तुमच्या नियुक्तिपत्रात दोन्ही बाजूंना ३० दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपवता येईल असे कलम असणार; बहुतेक नियुक्तिपत्रांत ते असते. तसे असेल, तर करार संपवण्याचा अधिकार सही करतानाच तुम्हाला मिळालेला आहे आणि तो वापरताना तुम्ही कंपनीला फक्त कळवायचे आहे. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले आहे की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि ज्याची इच्छा नाही त्याला नोकरीत राहायला भाग पाडता येत नाही. सेवानियमांत किंवा नियुक्तीच्या अटींत वेगळी तरतूद असेल, किंवा शिस्तभंगाची चौकशी चालू वा प्रस्तावित असून ती टाळण्यासाठी राजीनामा दिला जात असेल, तेवढाच अपवाद. तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही.

याचा अर्थ असा की साहेबांची सही मिळवणे हा तुमचा प्रश्नच नाही. तुमचा प्रश्न एवढाच आहे की अमुक तारखेला कंपनीला लेखी नोटीस पोहोचली, हे उद्या कोणी नाकारले तर तुम्हाला दाखवता आले पाहिजे. आजच्या घडीला ते दाखवता येणार नाही, कारण ४ आणि ९ जूनच्या दोन्ही भेटींचा कागद तुमच्याच पिशवीत परत आला आहे.

दुसरे गृहीतक तुमच्या लक्षातही आले नसेल. तुमचा करार कंपनीशी आहे, साहेबांशी नाही. साहेब हे कंपनीपर्यंत पोहोचण्याचे एक दार आहे आणि ते त्यांनी लावून घेतले, इतकेच घडले आहे. बाकीची दारे कायद्याने उघडी ठेवलेली आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २० नुसार कंपनीला द्यायचा दस्तऐवज तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने, स्पीड पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवता येतो, अथवा तिथे प्रत्यक्ष नेऊन देता येतो. हा पत्ता शोधण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर तो छापणे बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या नियुक्तिपत्रावरच तो सापडेल. अनेक कंपन्यांचा कारखाना एका गावी आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असते, म्हणून कारखान्याचा पत्ता हाच तो पत्ता असे मानू नका.

आता पत्राविषयी. तुम्ही साहेबांना दिलेले पत्र मी पाहिलेले नाही, पण आपल्याकडच्या राजीनामापत्रांचा साचा मला पाठ आहे. मनुष्यबळ विभागात काम करत असताना अशी पत्रे शेकड्याने माझ्या टेबलावर आली आणि त्यांतली बहुतेक ‘तरी माझा राजीनामा स्वीकारून मला कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती’ या वाक्याने संपत. विनयापोटी लिहिलेले हे वाक्य नेमके चुकीचे काम करते. ज्याला अडवायचे आहे, तो म्हणतो की तुम्ही विनंती केली होती, आम्ही ती मान्य केली नाही. म्हणून पत्रात विनंती नको, सूचना हवी. आणि सूचना नम्र भाषेतही देता येते. मजकूर साधारण असा असावा:

“मी, (नाव, कर्मचारी क्रमांक, पद), या पत्राद्वारे माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. दिनांक ... च्या नियुक्तिपत्रातील कलम ... नुसार ही ३० दिवसांची नोटीस असून तिचा कालावधी १५ जून २०२६ पासून मोजला असता माझ्या कामाचा शेवटचा दिवस १५ जुलै २०२६ हा राहील. राजीनाम्याचे पत्र मी ४ जून व ९ जून रोजी व्यवस्थापकांना समक्ष देण्याचा प्रयत्न केला होता. ते स्वीकारण्यात आले नाही, म्हणून आता ई-मेल व स्पीड पोस्टाने पाठवीत आहे. नोटीस कालावधीत मी नियमित कामावर येईन. माझ्या जबाबदाऱ्या कोणाकडे सोपवायच्या ते कळवावे.”

एवढेच पुरे. नोकरी का सोडता, नवीन कंपनी कोणती, पगारवाढ का झाली नाही, यांतले काहीही त्यात घालू नका. विशेषतः ‘पगार वाढवला नाही तर राजीनामा समजावा’ अशा अटीचा राजीनामा राजीनामा ठरतच नाही, हे इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावे. ४ आणि ९ जूनचा उल्लेख आरोपाच्या सुरात करू नका. घडलेली गोष्ट एका वाक्यात आली की पुरे. ‘वाचून परत दिले’ असे लिहिण्याचीही गरज नाही, ‘स्वीकारण्यात आले नाही’ यात साहेबांची अब्रू राहते आणि तुमचे कामही होते.

तारखेचा हिशेब मी मुद्दाम ई-मेल पाठवण्याच्या दिवसापासून, म्हणजे १५ जूनपासून धरला आहे. ४ जूनला पत्र समोर ठेवले तेव्हाच नोटीस सुरू झाली, असा युक्तिवाद करता येईल आणि तो पोकळही नाही. पण त्याला आधार फक्त तुमच्या शब्दाचा आहे. तुमच्याजवळ त्या दिवसाचा एखादा संदेश असला, म्हणजे संध्याकाळी तुम्ही साहेबांना ‘सर, सकाळच्या पत्राबद्दल’ असे लिहिले आणि त्यांनी ‘नंतर बोलू’ असे उत्तर दिले असले, तर त्याचे मोल फार आहे. तो संदेश पुसू नका, फोन बदलण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा. तरीही नोटीस ई-मेलच्या तारखेपासून मोजणे सुरक्षित. नोटीस दिल्याचा दिवस सोडून पुढचे ३० दिवस मोजले की १५ जुलै येते. नवीन कंपनीची तारीख १० जुलै आहे, म्हणजे सहा दिवस कमी पडतात. नव्या कंपनीला आजच कळवून १६ जुलैला रुजू होण्याची मुभा मागा. ते जमले नाही, तर नोटीसऐवजी पगार भरून देण्याची सोय नियुक्तिपत्रात आहे का ते पाहा आणि ती मूळ वेतनावर मोजायची की एकूण पगारावर, हेही तिथेच वाचा. दोहोंत पुष्कळ फरक पडतो.

ई-मेल कार्यालयाच्या खात्यावरून पाठवा. साहेब, एचआर विभाग आणि नियुक्तिपत्रावर ज्यांची सही आहे ते अधिकारी, या तिघांनाही ‘प्रति’च्या रकान्यात ठेवा आणि तुमचा खासगी ई-मेल पत्ता उघडपणे सीसीच्या रकान्यात घाला. लपवून प्रत घेण्याची गरज नाही. उलट तुमच्याकडे प्रत आहे हे त्यांना दिसलेले चांगले. नोकरी संपली की कार्यालयाचे खाते बंद होते आणि त्यातली पाठवलेली पत्रे तुमच्या हाती राहत नाहीत, म्हणून ही खबरदारी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार ई-मेल जेव्हा समोरच्याने त्यासाठी ठरवून दिलेल्या संगणकीय व्यवस्थेत दाखल होतो, तेव्हा तो मिळाला असे धरले जाते. तो उघडून वाचला की नाही, यावर ते अवलंबून नाही. खासगी खात्यातला तो मूळ ई-मेल कधीही पुसू नका. नुसती छापील प्रत न्यायालयात ठेवायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते द्यायचे तर मूळ नोंद जागेवर असलेली बरी. मात्र या निमित्ताने कंपनीचे इतर कागद, खतावण्या, ग्राहकांची यादी असे काहीही खासगी खात्यावर पाठवू नका. तुमच्या विभागात तर ते लगेच गोपनीयतेचा भंग म्हणून दाखवले जाईल आणि स्वच्छ प्रकरणाला डाग लागेल.

काही कंपन्यांत राजीनामा संगणकावरच्या कर्मचारी पोर्टलमधून द्यावा लागतो आणि व्यवस्थापक तो तिथेच नाकारतात. तुमच्याकडे असे पोर्टल असेल, तर तिथेही भरा आणि भरल्याचा व नाकारल्याचा असे दोन्ही पडदे तारखेसह जतन करा. नाकारल्याचा पडदा पाहून घाबरून जाऊ नका. पत्र पोहोचले होते याचा तो कंपनीनेच दिलेला पुरावा आहे.

त्याच दिवशी सही केलेले पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर एडी’ मागितले तर गोंधळ होण्याची शक्यता आहे. स्पीड पोस्ट आणि पोच मिळाल्याचा पुरावा हवा, असे स्पष्ट सांगा. एक पाकीट नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, कंपनीच्या नावे, आणि दुसरे कारखान्याच्या पत्त्यावर एचआर विभागाच्या नावे. पावतीवर इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून १३ चिन्हांचा क्रमांक असतो. पावतीवरची शाई काही महिन्यांत फिकी पडू शकते, म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढा. पाकीट पोहोचल्याची नोंद टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दिसू लागली की ती छापून ठेवा. ती तिथे कायम राहत नाही.

यात एक फट उरते आणि अनुभवी माणसे तिचाच फायदा घेतात. पाकीट मिळाले, पण आत कोरा कागद होता, असे सांगितले तर काय? त्यावर उपाय सोपा आहे. पोस्टातून परत आल्यावर आधीच्याच ई-मेलला जोडून दुसरा ई-मेल करा: ‘सोबतच्या पत्राची सही केलेली प्रत आज स्पीड पोस्ट क्रमांक अमुकने पाठवली आहे’, आणि पत्राचा व पावतीचा फोटो जोडा. आता पाकीट आणि मजकूर एकमेकांना बांधले गेले. आणि पाकीट ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन परत आलेच, तर ते फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा शेरा, तारीख आणि टपालाचा शिक्का, हे सगळे जसेच्या तसे ठेवून द्या. बरोबर पत्त्यावर पाठवलेले टपाल घेण्यास नकार देणे म्हणजे ते न मिळणे नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार धरलेले आहे. कुतूहलाने पाकीट फोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा सगळ्यांत भक्कम पुरावा स्वतःच्या हातांनी गेला.

समक्ष पोच घेण्याचा मार्गही अगदीच सोडू नका. कारखान्यात आवक-जावक विभाग असेल, तर दोन प्रती घेऊन तिथे जा. आवक लिपिकाचे काम कागद घेऊन शिक्का मारण्याचे असते, मजकुराशी सहमत होण्याचे नसते, त्यामुळे तिथे शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पुष्कळदा सहज मिळते. तिथेही नकार मिळाला, तर आपल्या प्रतीच्या मागे त्याच क्षणी तारीख, वेळ, कोणाकडे दिले आणि ते काय म्हणाले एवढे लिहून सही करा. सहकाऱ्याला साक्षीदार म्हणून सही करायला लावू नका. तुम्ही निघून जाल, त्याला तिथेच राहायचे आहे. चोरून संभाषण ध्वनिमुद्रित करण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. ई-मेल आणि टपाल हाताशी असताना त्याची गरज नाही, आणि भांडण नको असे तुम्हीच म्हणता.

यायचे बंद करण्याचा सल्ला मात्र मनातून पूर्ण काढून टाका. आज, कागदावर काहीच नसताना, तुम्ही गैरहजर राहिलात तर राजीनामा दिलेली कर्मचारी न ठरता न कळवता काम सोडून गेलेली कर्मचारी ठराल. मग घरी कारणे दाखवा नोटीस येईल, आणि नवी कंपनी चौकशी करील तेव्हा तुमच्या नावापुढे तोच शेरा वाचला जाईल. नोटीस दिल्यानंतरही शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी लावा. आजारी पडलात तर लेखी कळवा. आणि कंपनीकडून ‘राजीनामा स्वीकारलेला नाही’ असे लेखी उत्तर आले, तर त्याला एकदाच उत्तर द्या: १५ जूनची नोटीस कायम आहे, शेवटचा दिवस १५ जुलै आहे, हस्तांतरण कोणाकडे करायचे ते कळवावे. त्यापुढे वाद वाढवू नका. अशा उत्तराचा एक फायदाच असतो, तो म्हणजे नोटीस मिळाली हे त्यात आपोआप मान्य होते.

साहेबांच्या उपकाराविषयी. त्यांचा नकार दुष्टपणाचा नसेल. ऑडिटच्या तोंडावर सहा वर्षांची माहिती असलेली व्यक्ती जाते, ही लेखा विभागात खरीच अडचण असते. ती अडचण तुमच्या राहण्याने पुढे ढकलली जाईल, सुटणार नाही. तुमच्या कामाच्या तारखाच पाहा. ७ जुलैचा टीडीएसचा भरणा आणि ११ जुलैचे जीएसटीआर-१ तुमच्या हातून होऊन जातील. २० जुलैचे जीएसटीआर-३बी आणि ३१ जुलैचे तिमाही टीडीएस विवरणपत्र तुमच्या मागे उरेल. या दोहोंची तयारी कुठवर झाली आहे, कोणती देयके जुळवायची राहिली आहेत, ऑडिटरने कोणते कागद मागितले आहेत, याची टिपणे करून दर आठवड्याला ई-मेलने पाठवा. ई-मेल पाठवण्याआधी साहेबांना पाच मिनिटे भेटून ‘सर, आज मी रीतसर कळवते आहे, ऑडिटची सगळी तयारी करून जाईन’ एवढे सांगा. परवानगी मागू नका, फक्त सांगा. पुढे ऑडिटच्या काळात फोनवर शंका सांगायची तयारी असेल, तर तीही बोला. पण ती सवलत आहे, नोटिशीची अट नाही, म्हणून पत्रात लिहू नका.

हे सगळे खासगी कंपनीतल्या नोकरीला लागू आहे. सरकारी सेवेत राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारल्यावरच अमलात येतो, तिथे पोच दाखवून भागत नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांना तर १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम ७ ने पद्धतच घालून दिली आहे: राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. ज्यांनी प्रशिक्षणाच्या खर्चापोटी बाँड लिहून दिला आहे, त्यांनाही नोकरीत डांबून ठेवता येत नाही, पण वाजवी नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यावर होऊ शकतो. त्यांनी पत्र पाठवण्याआधी वकिलाला बाँड दाखवावा.

१५ जुलैला निघताना लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाच्या किल्ल्या, धनादेश पुस्तिका, डिजिटल सहीचे टोकन, जे काही तुमच्या ताब्यात आहे ते परत करून यादीवर सही घ्या. सही मिळाली नाही, तर तीच यादी फोटोसह त्याच दिवशी ई-मेल करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे. ते अडवले तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, आणि तिथे पहिला प्रश्न राजीनाम्याच्या पोचेचाच विचारला जातो. सहा वर्षे झाल्याने ग्रॅच्युइटीही तुमची आहे, तिचा अर्ज वेगळा करा. कार्यमुक्तीचे पत्र साहेब कदाचित देणार नाहीत. म्हणून नव्या कंपनीच्या एचआरला आधीच सांगून ठेवा आणि नोटिशीचा ई-मेल, टपालाची पावती व शेवटच्या तीन पगारपत्रकांची प्रत तयार ठेवा; परिस्थिती आधी कळली तर अनेक कंपन्या यावर भागवून घेतात.

राहिला भविष्य निर्वाह निधी. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तरी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सदस्य पोर्टलवर तुम्ही स्वतः ती नोंदवू शकता. `Manage` या यादीत `Mark Exit` निवडा, ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा झाली आहे त्याच महिन्यातली तारीख द्या, आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरा. तुमच्या बाबतीत जुलैची वर्गणी जमा झालेली दिसल्यावर १५ जुलै ही तारीख भरायची आहे. एकदा नोंदवलेली तारीख सहज बदलता येत नाही, म्हणून ती राजीनामापत्रातल्या तारखेशी जुळवून मगच बटण दाबा.